जाड प्रभारित लादीतले क्षेत्र आणि विभव: सहा स्थिरांकांचा हिशोब

एका जाड, सपाट लादीच्या संपूर्ण घनफळात विद्युत प्रभार सारख्या प्रमाणात पसरलेला असेल, तर लादीच्या आत आणि बाहेर विद्युत क्षेत्र किती असते आणि विभव कसा बदलत जातो, हा प्रश्न बहुतेकांनी गाउसच्या नियमाने सोडवलेला असतो. त्या रीतीने क्षेत्राचे उत्तर दोन ओळींत मिळते, हे खरे आहे. परंतु त्या दोन ओळींच्या आधी सममितीविषयी एक गृहीत धरलेले असते, आणि तीच लादी उचलून धातूच्या टेबलावर ठेवली की ते गृहीत कोसळते. विभवाचे समीकरण सोडवण्याची रीत थोडी लांब असली, तरी तिच्यात कोणती गोष्ट समीकरणातून आली आणि कोणती आपण बाहेरून पुरवली, हे प्रत्येक पायरीवर वेगळे दिसते. या लेखात तीच रीत एका ठरावीक उदाहरणावर शेवटपर्यंत नेली आहे.

मांडणी

ॲक्रिलिकची ४ मिलिमीटर जाडीची एक शीट घेऊ. तिच्या घनफळात अडकलेल्या प्रभाराची घनता ρ सर्वत्र सारखी, म्हणजे प्रत्येक घनमीटरला १ मिलिकुलोम आहे, असे मानू. अशा शीटमध्ये प्रभार सहसा इलेक्ट्रॉनांच्या झोताने भरला जातो, त्यामुळे तो प्रत्यक्षात ऋण असतो. पण चिन्हांचा गोंधळ टाळण्यासाठी येथे तो धन घेतला आहे. ऋण प्रभारासाठी शेवटच्या सर्व उत्तरांचे चिन्ह उलटे करावे, बाकी काहीही बदलत नाही.

x अक्ष शीटला लंब घ्यावा आणि त्याचा शून्यबिंदू शीटच्या बरोबर मध्यावर ठेवावा, एका पृष्ठावर नाही. ही निवड साधी वाटते, पण पृष्ठावर शून्य ठेवल्यास सममिती सूत्रांत लपून जाते आणि आकडेमोड विनाकारण वाढते. मध्यावर शून्य घेतल्यामुळे दोन पृष्ठे x = −a आणि x = +a येथे येतात, आणि a हे २ मिलिमीटर होते. a म्हणजे अर्धी जाडी, हे कागदावर ठळक लिहून ठेवावे. या गणितातल्या चुकलेल्या उत्तरांपैकी बरीचशी उत्तरे अर्धी जाडी आणि पूर्ण जाडी यांच्या सरमिसळीमुळे दुपटीने किंवा चौपटीने चुकलेली असतात.

शीटची लांबी-रुंदी तिच्या जाडीच्या तुलनेत फार मोठी असल्याने, तिच्या मध्यभागाजवळ विभव फक्त x वर अवलंबून राहतो. सुरुवातीला ॲक्रिलिकचे स्वतःचे ध्रुवीकरण बाजूला ठेवू आणि सर्वत्र निर्वाताचाच ε₀ चालतो असे मानू. ते नंतर हिशोबात घेऊ. मग समीकरणे अशी होतात:

आत, |x| < a:  d²V/dx² = −ρ/ε₀

बाहेर, |x| > a:  d²V/dx² = 0

क्षेत्र विभवाच्या उतारावरून मिळते: E = −dV/dx.

पहिले समीकरण प्वासाँचे आणि दुसरे लाप्लासचे. लाप्लासने गुरुत्वाकर्षणाच्या संदर्भात उजवी बाजू सर्वत्र शून्य धरली होती. वस्तूच्या आतल्या बिंदूंसाठी ती शून्य नसते, हे प्वासाँने १८१३ मध्ये दाखवून दिले. आपल्या शीटच्या पृष्ठावर आपण याच फरकाची सीमारेषा ओलांडत असतो.

समाकलन, आणि हाती आलेले सहा स्थिरांक

दोन्ही समीकरणांचे दोनदा समाकलन केले की तीन प्रदेशांत तीन उत्तरे मिळतात:

डावीकडे:  V = C₁x + D₁

आत:  V = −ρx²/(2ε₀) + Ax + B

उजवीकडे:  V = C₂x + D₂

समीकरणाचे काम येथे संपले. आतला आलेख अन्वस्त म्हणजेच पॅराबोला असेल आणि बाहेर सरळ रेषा असतील, एवढेच त्याने सांगितले. A, B, C₁, D₁, C₂ आणि D₂ हे सहा स्थिरांक अजून मोकळे आहेत, आणि ते ठरवायला नेमक्या सहा स्वतंत्र अटी लागतील. यापुढच्या प्रत्येक पायरीवर किती अटी वापरल्या आणि किती उरल्या, हे मोजत जावे. उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नसेल, तर बहुतेक वेळा एखादी अट नकळत दोनदा वापरलेली असते किंवा एखादी न सांगता गृहीत धरलेली असते.

पृष्ठांवरच्या चार अटी

पहिली गोष्ट म्हणजे पृष्ठावर विभव एकदम उडी मारत नाही. तसे झाले तर शून्य जाडीत विभवाचा फरक पडेल, म्हणजे तेथे क्षेत्र अनंत असावे लागेल. दोन पृष्ठांच्या मिळून या दोन अटी झाल्या.

दुसरी गोष्ट उताराची, आणि तेथे थोडे थांबून विचार करायला हवा. पृष्ठाला मध्ये घेऊन h एवढ्या पातळ थराची कल्पना करू आणि त्या थरात समीकरणाचे एकदा समाकलन करू. थराच्या दोन बाजूंच्या उतारांतला फरक जास्तीत जास्त ρh/ε₀ एवढा येतो, आणि h शून्याकडे नेला की तो फरकही शून्याकडे जातो. म्हणून उतारही सलग राहतो. पृष्ठावर प्रति चौरस मीटर σ इतका प्रभार चिकटलेला असता, तर मात्र h कितीही लहान केला तरी तो थरातच राहिला असता आणि उतार −σ/ε₀ इतका बदलला असता. आपल्या शीटचा प्रभार घनफळात आहे, पृष्ठावर नाही. त्यामुळे पृष्ठावर उताराला खोच पडत नाही, फक्त आलेखाची वक्रता तेथे एकाएकी संपते.

उताराच्या दोन अटींवरून:

C₁ = A + ρa/ε₀  आणि  C₂ = A − ρa/ε₀

विभवाच्या दोन अटींवरून, हे वरचे मूल्य घालून:

D₁ = D₂ = B + ρa²/(2ε₀)

सहापैकी चार अटी वापरून झाल्या. A आणि B अजूनही मोकळे आहेत, पण C₁ आणि C₂ यांच्यातला फरक 2ρa/ε₀ आहे आणि त्यात A कोठेच नाही. शीटच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना क्षेत्र किती बदलते, हे फक्त शीटचा प्रभार ठरवतो. शीटच्या आजूबाजूला काय आहे याचा त्यावर काही परिणाम होत नाही. आजूबाजूची परिस्थिती या गणितात फक्त A मधून शिरते.

उरलेल्या दोन अटी कोठून येतात

A चा अर्थ साधा आहे: −A हे सर्वत्र सारखे असलेले, बाहेरून आलेले क्षेत्र आहे. कोठेतरी दूर दोन प्रभारित पट्ट्या ठेवल्या असतील, तर त्यांचे क्षेत्र शीटच्या क्षेत्रात मिसळेल आणि समीकरणाला त्याची काहीच हरकत नसेल. शीट एकटी आहे, आसपास दुसरा प्रभार नाही, ही माहिती आपण द्यायची असते. ती दिली की डावी आणि उजवी बाजू यांत भेद करायला काही कारण उरत नाही, मध्यावरचे क्षेत्र शून्य असावे लागते, आणि A = 0 होते. गाउसच्या रीतीत हीच अट पहिल्याच वाक्यात, बहुतेक वेळा न बोलता, वापरली जाते.

B म्हणजे विभवाचा शून्यबिंदू, आणि तो आपल्या सोयीने निवडायचा असतो. सवयीने अनंत अंतरावर V = 0 घ्यायला हात जातो, पण येथे ते जमत नाही. बाहेर विभव सरळ रेषेत उतरत जातो, तो कोठेही स्थिरावत नाही, आणि अनंतापासून समाकलन करायला गेले की उत्तर अनंत येते. येथे आकडेमोड चुकलेली नसते. अनंत पसरलेल्या शीटवर एकूण प्रभारही अनंत असतो, त्याचा हा परिणाम आहे. म्हणून मध्यावर V = 0 घ्यावा, म्हणजे B = 0.

उत्तर आणि आकडे

आत:  E = ρx/ε₀,  V = −ρx²/(2ε₀)

बाहेर:  |E| = ρa/ε₀, शीटपासून दूर जाणारे;  V = −(ρa/ε₀)(|x| − a/2)

बाहेरच्या विभवातला a/2 नजरेतून सुटू देऊ नये. बाहेरची सरळ रेषा मागे वाढवली, तर ती V = 0 ला मध्यावर छेदत नाही; मध्य आणि पृष्ठ यांच्या बरोबर निम्म्यावर छेदते.

आपल्या शीटसाठी ρ/ε₀ हे सुमारे 1.13 × 10⁸ V/m² येते. त्यावरून पृष्ठावरचे आणि बाहेरचे क्षेत्र सुमारे २२६ किलोव्होल्ट प्रति मीटर येते. हवेत ठिणगी पडायला साधारण ३० लाख व्होल्ट प्रति मीटर लागतात, म्हणजे आपण त्याच्या तेराव्या हिश्श्याच्या आसपास आहोत. मध्यापासून पृष्ठापर्यंत विभव २२६ व्होल्टने उतरतो. क्षेत्र आणि विभव या दोन्हींचा आकडा २२६ यावा हा a = २ मिलिमीटर असल्याचा निव्वळ योगायोग आहे. मध्यापासून २ सेंटिमीटरवर, म्हणजे पृष्ठाच्या १८ मिलिमीटर बाहेर, विभव सुमारे −४२९० व्होल्ट असतो.

हे आकडे तपासायला दोन स्वतंत्र वाटा आहेत. शीटच्या एक चौरस मीटरमध्ये एकूण प्रभार 2aρ, म्हणजे ४ मायक्रोकुलोम आहे. दुरून ती पातळ पत्र्यासारखीच दिसते, आणि पातळ पत्र्याचे क्षेत्र σ/(2ε₀) पुन्हा २२६ किलोव्होल्ट प्रति मीटरच देते. येथे σ म्हणून ρa घातले असेल, तर उत्तर निम्मे येऊन चूक लगेच उघडी पडते. दुसरी वाट क्षेत्राच्या आलेखाची: आत क्षेत्र शून्यापासून सरळ रेषेत वाढते, म्हणून त्रिकोणाचे क्षेत्रफळ, अर्धा गुणिले २२६ किलोव्होल्ट प्रति मीटर गुणिले २ मिलिमीटर, म्हणजे २२६ व्होल्ट मिळायला हवेत, आणि तेवढेच मिळतात. चिन्हासाठी आलेखाच्या आकाराकडे पाहावे. धन प्रभाराच्या प्रदेशात विभवाचा आलेख टेकडीसारखा, खाली वाकलेला असतो. तो वाटीसारखा आला असेल, तर समीकरणातले उणे चिन्ह कोठेतरी गळाले आहे.

ॲक्रिलिकचे ध्रुवीकरण

आता बाजूला ठेवलेली गोष्ट हिशोबात घेऊ. ॲक्रिलिकचा सापेक्ष डायइलेक्ट्रिक स्थिरांक साधारण ३ धरला, तर आतल्या समीकरणात ε₀ ऐवजी ε = 3ε₀ येतो. येथे बऱ्याच जणांची गफलत होते: ते आत ε बदलतात, पण पृष्ठावरची उताराची अट तशीच ठेवतात. समीकरण मुळात d/dx(ε dV/dx) = −ρ असे आहे, आणि पातळ थराचे समाकलन यावर केले की सलग राहते ती ε dV/dx ही राशी, नुसता उतार नव्हे.

नवी अट वापरली की बाहेरचे क्षेत्र पूर्वीइतकेच, २२६ किलोव्होल्ट प्रति मीटर राहते, आणि पृष्ठाच्या लगेच आत ते सुमारे ७५ होते. मध्य ते पृष्ठ हा विभवाचा उतारही ७५ व्होल्टवर येतो. आता आलेखाला पृष्ठावर खरी खोच दिसते, कारण ध्रुवीकरणामुळे पृष्ठावर बद्ध प्रभार जमा झालेला असतो: प्रत्येक पृष्ठावर प्रति चौरस मीटर ⅔ρa इतका. त्याच वेळी आतल्या घनफळात −⅔ρ घनतेचा बद्ध प्रभार तयार होतो. 2a जाडीतला हा ऋण प्रभार आणि दोन पृष्ठांवरचा धन प्रभार यांची बेरीज शून्य होते, म्हणूनच बाहेरचे क्षेत्र हलत नाही. बाहेरचे क्षेत्र तिप्पट किंवा एक तृतीयांश आले, तर पृष्ठावरची अट चुकली असे खात्रीने समजावे.

शीट धातूच्या टेबलावर ठेवली तर

जमिनीला जोडलेल्या धातूच्या टेबलावर ही शीट सपाट ठेवली की सममिती मोडते. x = −a हे पृष्ठ टेबलाला टेकले आहे असे घेऊ. डावीकडचा प्रदेश आता धातूत गेला, त्यामुळे C₁ आणि D₁ गळाले आणि चार स्थिरांक उरले. वरच्या पृष्ठावर दोन अटी पूर्वीसारख्याच आहेत. टेबलाकडून तिसरी मिळते: V(−a) = 0. चौथी अशी की, शीटच्या वरच्या मोकळ्या जागेत क्षेत्र शून्य आहे, कारण टेबलाच्या पृष्ठावर शीटच्या एकूण प्रभाराइतकाच विरुद्ध प्रभार प्रेरित होतो. छत जमिनीशी जोडलेले आणि दोन मीटर वर असेल, तर वर शे-दीडशे व्होल्ट प्रति मीटर इतके क्षेत्र उरते; ते शीटमधल्या क्षेत्राच्या साधारण एक हजारांश भरते, म्हणून सोडून देता येते.

C₂ = 0 घातले की उताराच्या अटीवरून A = ρa/ε मिळतो. मोकळ्या शीटसाठी सममितीने शून्य ठरलेला स्थिरांक आता टेबलाने ठरवला. मग V(−a) = 0 वरून B = 3ρa²/(2ε) येतो, आणि

V = (ρ/2ε)(3a² + 2ax − x²)

वरच्या पृष्ठावर V = 2ρa²/ε, आपल्या आकड्यांत सुमारे ३०१ व्होल्ट. मोकळ्या शीटमधल्या मध्य-ते-पृष्ठ फरकाच्या हे बरोबर चौपट आहे, कारण अन्वस्ताचा माथा मध्यावरून सरकून वरच्या पृष्ठावर गेला आणि उताराला अर्ध्याऐवजी पूर्ण जाडी मिळाली. सर्वांत तीव्र क्षेत्र आता टेबलाला टेकलेल्या पृष्ठावर, सुमारे १५१ किलोव्होल्ट प्रति मीटर असते.

हा ३०१ चा आकडा मोजता येतो. स्पर्श न करता मोजणारे काही व्होल्टमीटर आपल्या टोकाचा विभव वाढवत नेऊन टोक आणि पृष्ठ यांच्यामधले क्षेत्र शून्य करतात. आपण चौथ्या अटीत धरलेली स्थितीच ते स्वतः निर्माण करतात. मापन मात्र जास्त आले, तर आधी ρ वर शंका घेऊ नये, शीट टेबलाला नीट टेकली आहे का ते पाहावे. खाली हवेची फट असेल, तर फटीतले क्षेत्र 2ρa/ε₀, म्हणजे सुमारे ४५२ किलोव्होल्ट प्रति मीटर असते, आणि कागदाच्या जाडीएवढी, ०.१ मिलिमीटरची फटसुद्धा मापनात ४५ व्होल्टची भर घालते.

गृहीते कोठे तुटतात

शीट अनंत नाही. ती २० सेंटिमीटर त्रिज्येची तबकडी असेल आणि मोकळी धरलेली असेल, तर मध्यावर, तिच्यापासून z अंतरावर, बाहेरचे क्षेत्र सूत्रातल्या क्षेत्राच्या 1 − z/√(z² + R²) पट असते. २ मिलिमीटरवर यामुळे एक टक्का फरक पडतो, २ सेंटिमीटरवर मात्र दहा टक्के. म्हणजे वर काढलेल्या −४२९० व्होल्टपैकी दूरच्या टोकाकडचा भाग थोडा फुगलेला आहे; आतले आकडे विश्वासार्ह आहेत.

प्रभार एकसमान आहे का, हा त्याहून अवघड प्रश्न आहे, कारण इलेक्ट्रॉनांचा झोत प्रभार एका ठरावीक खोलीभोवती जास्त साठवतो. टेबलावरचेच गणित ρ(s) साठी केले, जेथे s हे टेबलापासूनचे अंतर आहे, तर वरच्या पृष्ठाचा विभव (1/ε)∫ρ s ds येतो: टेबलापासून दूर असलेल्या प्रभाराचे वजन जास्त. म्हणून शीटचे मापन एकदा सुलट आणि एकदा उलटी करून घ्यावे. एकूण जाडी d असेल, तर दोन मापनांची बेरीज d/ε गुणिले प्रति चौरस मीटर एकूण प्रभार एवढी येते, मग तो प्रभार आत कसाही पसरलेला असो. आणि एका मापनाला या बेरजेने भागले की प्रभाराचा सरासरी मध्य त्या वेळी टेबलापासून जाडीच्या कितव्या हिश्श्यावर होता ते कळते. आपल्या शीटसाठी दोन्ही वेळा ३०१ यायला हवेत. २०० आणि ४०२ आले, तर एकूण प्रभार तेवढाच आहे, पण त्याचा मध्य पहिल्या वेळी टेबलाकडच्या एक तृतीयांशावर होता. दोन्ही आकडे सारखे आले, तर मात्र एवढेच म्हणता येते की प्रभाराचा मध्य शीटच्या मध्यावर आहे. मध्यावरच दाटलेला प्रभारसुद्धा हेच आकडे देतो, आणि त्या दोहोंतला फरक या मापनाने दिसत नाही.